'खुणांवरून ओळखा' : कार्टून पात्रांच्या खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. तिसरी ते पाचवीच्या मुलांसोबत आम्ही हा खेळ घेतो, आणि ज्या शिक्षकांना आणि पालकांना त्याची पद्धत कळवली त्यांच्याकडून सतत तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा खेळ नेमका काय आहे?

भिंतीवर कार्टून पात्रांची चित्रं लावायची आणि एका मुलाला त्यातल्या एका पात्राच्या नावाची चिठ्ठी गुपचूप द्यायची. त्याने पात्राचं नाव न घेता ते कसं दिसतं एवढंच सांगायचं: रंग, आकार, अवयव, कपडे, अंगावरच्या वस्तू. एका वेळी एकच खूण, आणि जास्तीत जास्त पाच. प्रत्येक खुणेनंतर बाकीच्यांनी ओळखायचा प्रयत्न करायचा. सांगणाऱ्याचे हात पाठीमागे असतात. हा नियम किरकोळ वाटतो, पण तो पाळाच. हात मोकळे असले की मुलं भुवयांवर बोट फिरवतात, पोटापुढे गोल काढतात, आणि 'भुवया' किंवा 'गोलमटोल' हे शब्द तोंडात येतच नाहीत.

२. 'खूण' कशाला म्हणायचं आणि कशाला नाही?

मुलांना एकच कसोटी द्या: चित्रावर बोट ठेवून दाखवता येतं का? येत असेल तर ती खूण.

शिनचॅनच्या जाड भुवया, मिकीचे पिवळे बूट, पिकाचूची विजेसारखी वाकडी शेपटी, यांवर बोट ठेवता येतं. 'तो खोडकर आहे', 'तो नोबिताच्या घरी राहतो', 'तो पोगोवर लागतो', 'त्याला लाडू आवडतात' यांवर ठेवता येत नाही. ही पात्राची माहिती झाली, दिसणं नव्हे. अशी एक माहिती बाहेर पडली की खेळ तिथेच संपतो, कारण 'लाडू' म्हटल्यावर भीमाशिवाय कुणाचंच नाव डोक्यात येत नाही.

'नाही' असलेली गोष्टसुद्धा खूण असते. 'कान नाहीत' हे चालतं, कारण कान जिथे असायला हवेत त्या जागेवर बोट ठेवता येतं. पण 'कान उंदराने कुरतडले' हे चालत नाही. ती डोरेमॉनची गोष्ट झाली. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, कारण मोठ्या मुलांचे निम्मे वाद इथेच होतात.

३. कोणती पात्रं निवडायची? किती?

बारा पुरतात. आमच्या भिंतीवर डोरेमॉन, नोबिता, शिनचॅन, छोटा भीम, चुटकी, ऑगी, टॉम, जेरी, मिकी, मिनी, डोनाल्ड आणि पिकाचू आहेत. निवडताना एक गोष्ट मुद्दाम करा: एकमेकांसारखी दिसणारी पात्रं त्यात घ्या. डोरेमॉन आणि ऑगी दोघेही निळे आणि दोघांचंही नाक लाल. मिकी आणि मिनीचे कान सारखेच. बाराच्या बारा पात्रं एकमेकांपासून वेगळी असली तर पहिल्या खुणेलाच उत्तर येतं आणि मुलांना पुढे निरखून बघावं लागत नाही.

चित्रं रंगीत हवीत, पात्र समोरून आणि डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवं. नुसता चेहरा असेल तर बूट, शेपटी, पोटावरचा खिसा सगळं हातचं जातं.

४. वर्गात चाळीस मुलं आहेत. एका तासात कसं बसवायचं?

ओळींचे गट करा. प्रत्येक फेरीत एका गटातलं एक मूल सांगणारं, बाकीचे गट ओळखणारे. प्रत्येक खुणेनंतर एका गटाने एकदाच उत्तर द्यायचं, तेही आपसात कुजबुजून ठरवून एकाने हात वर करून. चुकलं तर त्या गटाला पुढच्या खुणेला गप्प बसावं लागतं. या एका नियमाने आरडाओरडा थांबतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात सहा-सात फेऱ्या आरामात होतात. सगळ्यांची पाळी त्याच दिवशी यायचा हट्ट धरू नका, राहिलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

५. खुणा कोणत्या क्रमाने सांगायच्या? मुलं पहिल्यांदाच सगळ्यात ठळक गोष्ट सांगून टाकतात.

मला विचाराल तर या खेळातलं सगळं शिकणं या एका प्रश्नात आहे, म्हणून एक फेरी पूर्ण मांडते. प्रश्न ३ मधली बारा चित्रं भिंतीवर आहेत आणि चिठ्ठीत डोरेमॉन आला आहे.

सराव नसलेलं मूल म्हणतं, 'गळ्यात पिवळी घंटा आहे.' लगेच उत्तर आलं, फेरी संपली. थोडं सावध मूल म्हणतं, 'रंग निळा आहे.' ही खूण बरी वाटते, पण तिने डोरेमॉन आणि ऑगी वेगळे होत नाहीत. वर्गाला दोनातून एक नाव नुसतं फेकायचं उरतं.

आता हेच नीट क्रमाने बघा. पहिली खूण: 'शेपटी आहे.' नोबिता, शिनचॅन, भीम आणि चुटकी गळाले, आठ उरले. (डोनाल्डच्या मागे आहे ती शेपटी की नुसती पिसं, यावर वर्गात भांडण होईल. होऊ द्या, मुलं चित्राजवळ जाऊन बघतात.) दुसरी खूण: 'अंगात कपडे नाहीत.' मिकी, मिनी आणि डोनाल्ड गेले. उरले डोरेमॉन, ऑगी, टॉम, जेरी, पिकाचू. तिसरी खूण: 'नाक लाल आहे.' आता दोघंच राहिले, डोरेमॉन आणि ऑगी. चौथी खूण: 'कान नाहीत.' ऑगी गेला. पाचवी म्हणून हातात ठेवलेली घंटा वापरावीच लागली नाही.

या फेरीत निळा रंग कुठेच आला नाही. सगळ्यात आधी डोळ्यांत भरणारी गोष्टच बहुतेक वेळा कमी कामाची ठरते, हे मुलांना असं हाताने चित्रं बाजूला करत दाखवलं की पटतं. प्रत्येक खुणेनंतर बाद झालेली चित्रं खरोखरच उलटी करून लावा. चांगली खूण साधारण निम्मी चित्रं बाद करते: बाराची सहा, सहाची तीन, तिनांची दोन किंवा एक. म्हणून बारा चित्रांना चार चांगल्या खुणा पुरतात आणि पाचवी हाताशी राहते.

मुलांना सांगायचं वाक्य इतकंच: 'आधी पुष्कळांना लागू पडेल ते, शेवटी एकालाच लागू पडेल ते.'

६. गुण कसे द्यायचे?

पहिल्या खुणेला ओळखणाऱ्या गटाला पाच, दुसऱ्या खुणेला चार, असं उतरत पाचव्या खुणेला एक. सांगणाऱ्याच्या गटाला पात्र ओळखलं गेलं तर तीन, पाच खुणांनंतरही ओळखलं नाही तर शून्य.

यामागे कारण आहे. सांगणाऱ्याला 'कुणी ओळखू नये' यासाठी गुण दिले तर मुलं 'डोळे आहेत', 'दोन पाय आहेत' असल्या खुणा देतात. 'लवकर ओळखावं' यासाठी दिले तर घंटा पहिल्या वाक्यात येते. वरच्या हिशेबात ओळखलं जाणंही हवं असतं आणि दुसऱ्या गटाला पाच गुण जाऊ नयेत असंही वाटतं. त्यामुळे खुणांचा क्रम मुलं आपणहून प्रश्न ५ मधल्यासारखा लावू लागतात.

७. मुलं 'छान', 'भारी', 'क्यूट' याच्या पुढे जातच नाहीत. काय करावं?

रागावू नका, 'दाखव' म्हणा. 'भारी कुठे आहे, बोट ठेव.' मूल चित्राकडे बघतं आणि मग 'डोळे मोठे आहेत' असं काहीतरी सांगतं. तीच खूण. 'मोठे' म्हटलं तर आणखी एक विचारा: 'कशापेक्षा?' 'तोंडापेक्षा डोळे मोठे' किंवा 'अंगापेक्षा डोकं मोठं' हे वर्णन झालं. नुसतं 'मोठा' म्हटलं तर टॉमही मोठा, भीमही मोठा.

दुसरी अडचण शब्दांची असते. ही कार्टून बहुतेक मुलं हिंदीत बघतात, त्यामुळे शेपटीला 'पूंछ' म्हणणारी मुलं चौथीतही भेटतात. खेळाच्या आदल्या दिवशी फळ्यावर एका मोठ्या चित्राला बाण काढून शेपटी, मिशा, भुवया, चोच, पंजा, पट्टा, खिसा, बाही, हातमोजे असे शब्द लिहून घ्या. 'भुवई' हा शब्द तर निम्म्या वर्गाला नवीन असतो. शिनचॅनची चिठ्ठी निघाली की तो एकदाच पक्का होऊन जातो.

८. मूल 'पिवळा घंटा', 'निळी नाक' म्हणालं तर लगेच दुरुस्त करायचं का?

खेळ थांबवून नाही. ती खूण तुम्ही फळ्यावर लिहिता तेव्हा बरोबर रूपात लिहा आणि मोठ्याने वाचा: 'पिवळी घंटा.' मूल ऐकतं, फेरी चालू राहते.

फेऱ्या संपल्या की फळ्यावर पंचवीस-तीस खुणा जमलेल्या असतात. त्यांचे दोन भाग मुलांकडूनच करून घ्या. पांढरा, पिवळा, निळा, काळा, मोठा, चपटा हे शब्द नामाप्रमाणे बदलतात: पांढरा खिसा, पांढरी शेपटी, पांढरं पोट. लाल, गोल, लांब, जाड, टोकदार हे बदलत नाहीत: लाल पट्टा, लाल शेपटी, लाल नाक. विकारी आणि अविकारी विशेषणं अशी नावं सांगायच्या आधी मुलांनी हा फरक आपल्याच वाक्यांत शोधलेला असतो.

९. 'तो' किंवा 'ती' म्हटलं की अर्धं उत्तर फुटतं. यावर उपाय?

बरोबर आहे. आमच्या बारा चित्रांत चुटकी आणि मिनी अशा दोघीच आहेत. 'तिच्या पायात' असं म्हटल्याक्षणी दहा चित्रं बाद होतात, आणि तेही कुठली खूण न देता.

उपाय मराठीतच आहे. प्रत्येक वाक्य 'या पात्राला' किंवा 'हे पात्र' असं सुरू करायला लावा. 'पात्र' नपुंसकलिंगी असल्यामुळे 'हे पात्र काळं आहे', 'या पात्राला गोल कान आहेत' यातून काहीच फुटत नाही. मात्र पुढे मुलं सवयीने 'ती काळी आहे' अशी घसरतात, त्याकडे लक्ष ठेवा. तिसरीच्या वर्गात हा नियम लावू नका, त्यांना वाक्य पूर्ण करणं हेच पुरेसं काम असतं.

१०. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी टीव्ही नाही. त्यांना हा खेळ अन्यायाचा नाही का?

चित्रं लपवून खेळलात तर आहे. म्हणूनच बाराही चित्रं, खाली नावं लिहून, खेळ चालू असताना सगळ्यांना दिसतील अशी भिंतीवर लावायची. मग कार्टून बघितलेलं असण्याची गरज उरत नाही, फक्त चित्राकडे नीट बघायचं असतं. अशा वर्गात न बघितलेलं मूल पुष्कळदा चांगलं खेळतं, कारण त्याच्याकडे सांगायला गोष्ट नसते, दिसतं तेवढंच असतं. चित्रं न लावता आठवणीवर खेळायचा प्रकार सगळ्यांना पात्रं ओळखीची झाल्यावरच घ्या.

११. उत्तर चुकलं, पण सांगितलेल्या सगळ्या खुणांत बसतं. गुण द्यायचे का?

ओळखल्याचे गुण नाहीत, पण गप्प बसण्याची शिक्षाही नाही. समजा चिठ्ठीत मिकी आहे आणि खुणा आल्या 'काळे गोल कान, पांढरे हातमोजे, बारीक शेपटी'. कुणी 'मिनी' म्हटलं तर त्या गटाने काहीच चूक केलेली नाही. तिथे सांगणाऱ्याला म्हणा, 'दोघांना वेगळं करणारी खूण दे.' 'डोक्यावर रिबिनीचा बो नाही' किंवा 'लाल चड्डीवर दोन पांढरी बटणं आहेत' आलं की प्रश्न मिटला. उत्तर सांगितलेल्या एखाद्या तरी खुणेत बसत नसेल, तरच प्रश्न ४ मधला नियम लावा.

१२. चालणं, आवाज, आवडता खाऊ हे कधीच चालणार नाही का?

या खेळात नाही. वेगळा दिवस ठेवून 'स्वभावावरून ओळखा' असा खेळ जरूर घ्या, मुलांना तोही आवडतो. पण दोन्ही एकत्र केले तर दिसण्याचं वर्णन मागे पडतं, कारण गोष्ट सांगणं मुलांना कितीतरी सोपं जातं.

१३. एखादं मूल म्हणतं, 'मिकीला हातमोजे नव्हते', 'डोरेमॉन आधी पिवळा होता'. मग काय?

मूल खरं सांगत असतं. १९२८ सालच्या कृष्णधवल कार्टूनमधल्या मिकीच्या हातात हातमोजे नाहीत, ते १९२९ मध्ये आले. डोरेमॉनच्या गोष्टीत तो मुळात पिवळा आणि कानवाला होता. भीमही एखाद्या भागात वेगळ्या पोशाखात दिसतो. मुलाच्या माहितीला दाद द्या आणि नियम सांगा: भिंतीवरचं चित्र हाच निकाल. त्या चित्रात जे दिसतं तेच खरं धरायचं.

१४. हुबेहूब जुळी पात्रं निघाली तर?

ढोलू-भोलूसारखी जोडी एकाच चिठ्ठीवर लिहा आणि जोडीच ओळखायला लावा. पण चिप आणि डेल वेगवेगळे ठेवा, कारण त्यांच्यात फरक आहे: चिपचं नाक छोटं आणि काळं, डेलचं मोठं आणि लाल. पाचवीच्या मुलांना हे दोघं अवघड पातळी म्हणून द्यायला उत्तम.

१५. 'जाड', 'टकलू', 'चष्मेवाला' या शब्दांवरून वर्गात चिडवाचिडवी सुरू झाली. खेळ बंद करावा का?

बंद करू नका, पण हे हलक्यातही घेऊ नका. चष्मा असलेल्या मुलाला त्याच दिवसापासून 'नोबिता' म्हटलं जाऊ शकतं आणि ते वर्षभर चिकटतं.

आम्ही दोन गोष्टी करतो. पहिली, माणसाला लावायचं विशेषण न देता अवयवाचं वर्णन करायचं: 'जाडा' नाही, 'पोट गोल आणि पुढे आलेलं', 'टकलू' नाही, 'डोक्यावर केस नाहीत', 'चष्मेवाला' नाही, 'गोल काचांचा चष्मा'. वर्णन म्हणूनही हे जास्त नेमकं असतं, त्यामुळे मुलांना ते उपदेश वाटत नाही. दुसरी, वर्गातल्या कुणाशीही तुलना करायची नाही. 'आपल्या अमक्यासारखा' असं आलं की ती फेरी रद्द, गुण शून्य. आणि हाच खेळ वर्गातल्या मुलांवर खेळायची मागणी मुलं हमखास करतात. तिला स्पष्ट नकार द्या.

१६. वर्गात एका मुलाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. रंगांच्या खुणांचं काय?

असं मूल वर्गात असेल तर सगळ्यांसाठीच नियम करा: पाचांपैकी एकच खूण रंगाची, बाकी आकार, अवयव आणि कपडे. त्या मुलाला वेगळं काढलं जात नाही आणि खेळही बिघडत नाही, उलट आकाराचे शब्द वाढतात. रंगाची खूण आली की तुम्हीच भिंतीवरची बाद झालेली चित्रं उलटी करत असल्याने त्याचं अडतही नाही.

१७. इंग्रजीच्या तासाला हाच खेळ चालेल का?

चालेल, आणि एक नेमकी चूक दुरुस्त करायला फारच उपयोगी पडेल. मराठीत 'त्याला शेपटी आहे' आणि 'ते पात्र निळं आहे' या दोन्ही वाक्यांत 'आहे'च असतं. त्यामुळे मुलं इंग्रजीत 'इट इज अ टेल' म्हणतात. फळ्याचे दोन भाग करा. एकीकडे 'इट इज' लिहा आणि खाली फक्त कसं आहे ते: ब्लू, राउंड, स्मॉल. दुसरीकडे 'इट हॅज' आणि खाली त्याच्याकडे काय आहे ते: अ टेल, बिग इअर्स, अ रेड नोज. सांगणाऱ्या मुलाने आधी योग्य भागाकडे जाऊन उभं राहायचं, मगच खूण सांगायची. उभं राहायच्या जागेनेच वाक्याची सुरुवात ठरते.

१८. यातून वर्णन लिहायला कसं शिकवायचं? मुलं कोडीच लिहून आणतात.

'हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्याने भरली' हे भेंडीचं कोडं मुलांना घरी ऐकून पाठ असतं. त्यामुळे लिहायला सांगितलं की डोरेमॉनच्या घंटेलाही ती 'सोन्याचा चेंडू' म्हणतात. कोड्यात वस्तू दुसऱ्या वस्तूमागे लपवलेली असते. आपल्याला ती उघडी हवी आहे. म्हणून पहिल्या लेखनात 'सारखा' आणि 'जणू' हे शब्द वापरायचे नाहीत असं सांगा.

खेळात ज्या पाच खुणा सांगितल्या त्याच मुलाने वहीत पाच वाक्यांत लिहायच्या, नाव पानाच्या मागे. मग वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्याने वाचून पात्राचं चित्र काढायचं, भिंतीवरची चित्रं तेव्हा झाकून ठेवायची. चित्रात खिसा आला पण पाठीवर आला, तर लिहिणाऱ्याला आपोआप कळतं की 'पोटावर' हा शब्द राहिला. मूल वही परत घेतं आणि स्वतःच तो शब्द घालतं.